एकीसाठी थांबलेली लाँच

गल्लीपलीकडच्या लाँड्रीत इस्त्रीवाल्या बायकांनी गाणं धरलं की आत्या उठून खिडकी लावून घ्यायची. बाहेर उकाड्यानं जीव नकोसा झालेला असला तरी खिडकी बंद. काचेवर वाफेचा ओलसर पापुद्रा धरायचा आणि गाणं त्या पापुद्र्याआडून येत राहायचं. लाकडी खिडकीला गाणं अडवता येतं थोडंच?

गाणं बुडालेल्या लाँचचं होतं. खाडीच्या पल्याड विटांच्या भट्ट्या होत्या, अल्याड वस्ती. सकाळी लाँच माणसं घेऊन जायची, संध्याकाळी घेऊन यायची. एका संध्याकाळी ती आली नाही. आत्या तेव्हा नव्या लग्नाची होती, आणि आता तिचे केस कापसासारखे झाले होते. इतकी वर्षं ते गाणं या बाईच्या तोंडून त्या बाईच्या तोंडी जात राहिलं. आत्ताच्या इस्त्रीवाल्यांपैकी कुणी ती लाँच पाहिलेली नव्हती. तरी चादरीवरून इस्त्री फिरवताना त्या म्हणायच्या,

वारा जरा थांबता गं, पाणी जरा निजतं,
माझ्या घरातलं माणूस माझ्या दारी येतं.

दिवा जर लागता गं धक्क्याच्या टोकाला,
वाट गावली असती बाई वाट चुकल्या लोकाला.

विटा कमी भरत्या तर हलकी होती नाव,
एका सांजेत रिकामं झालं नसतं गाव.

आणि मग ती ओवी यायची. तिच्यासाठीच खिडकी लागायची.

एकीसाठी थांबली गं भरली लाँच सारी,
एकही ती आली नाही, कुणीच नाही दारी.

ती ‘एकी’ कोण, हे गाणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. ती समोरच्याच माडीवर राहते, त्यांनी इस्त्री केलेल्या चादरीवर झोपते, आणि कधीमधी खाली उतरून “अगं, कॉलरला कडक नको गं” असं सांगून जाते, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी जीभ चावली असती.

भाचीला मात्र सगळं ठाऊक होतं, आत्याचा नवरा त्या लाँचबरोबर गेला आणि आत्या रुसून मागं राहिली, हेसुद्धा. भाची म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. आईबाप दोघं कामावर जायचे, त्यामुळे वाढली ती आत्याच्या मांडीवर. कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की मध्येच विचारायची, “आणि तसं झालंच नसतं तर?” सारखी टिवटिव. म्हणून आत्यानं नाव ठेवलं टिटवी. पुढे टिटवी कॉलेजात इतिहास शिकवू लागली, चष्मा आला, तिच्या तासाला पोरं चिडीचूप बसू लागली. आत्याकडे आली की ती टिटवीच.

शहराचा नवा इतिहास लिहून घ्यायचं नगरपालिकेनं ठरवलं आणि लाँचचं प्रकरण टिटवीकडे आलं. ती बातमी सांगायला ती आत्याकडे गेली, तेव्हा आत्या उशांच्या उतरंडीला टेकून बसली होती. तिचं हृदय थकलं होतं. आडवं झालं की धाप लागायची. डॉक्टर हल्ली तिच्याशी कमी आणि टिटवीशी जास्त बोलत.

“तुझं पुस्तक कधी यायचं?” आत्यानं विचारलं.

“वर्ष तरी लागेल.”

“म्हणजे मी नसणार.”

“काहीतरीच काय बोलतेस!”

“काहीतरीच नाही, खरं तेच बोलतेय. रडू नकोस, अजून गेलेली नाही.” आत्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला. आत्याचा हात थंड होता. “एवढं शिकलीस. जर असं झालं असतं तर तसं झालं असतं का, याचाच निवाडा करता ना तुम्ही लोक? मग माझा कर. मी त्या दिवशी गेले असते तर ती माणसं वाचली असती का? मला छापायच्या आधी सांग. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. माझ्या मनासारखं मात्र सांगू नकोस.”

टिटवीनं मान हलवली. मनात मात्र तिचं उत्तर ठरून गेलं होतं, आणि ते आत्याच्या मनासारखंच होतं.

*

नगरपालिकेच्या मागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर इतिहास मंडळाची खोली होती. टेबलांवर धूळ, पंख्याला कुरकुर, आणि कोपऱ्यात मंडळाचे संपादक. सगळ्यांचं लिखाण कापायची त्यांना इतकी हौस की लोक त्यांना पाठीमागे कात्री म्हणत. हळूहळू तोंडावरही म्हणू लागले, आणि त्यांनाही ते आवडत असावं.

“तुमच्या प्रकरणाचा शेवट मी सांगतो,” कात्री म्हणाले. “पूल! त्या काळी खाडीवर पूल झाला असता, तर लाँचच नसती. पूल झाला असता तर भट्ट्या वाढल्या असत्या, कारखाने आले असते, बंदर झालं असतं, आज हे शहर राजधानी असतं राजधानी! आणि आपण दोघं या पंख्याखाली घाम पुसत बसलो नसतो.”

“राजधानीत पंखे कुरकुरत नाहीत वाटतं?”

“थट्टा नको. जर-तर चालतं ना तुम्हाला? जुने लोक तर नाकच मुरडायचे. म्हणायचे, झालं ते लिहा.”

“जर-तरशिवाय इतिहास लिहिताच येत नाही, सर. ‘विटांमुळे लाँच बुडाली’ असं लिहिलं की त्याच्या पोटात ‘विटा नसत्या तर बुडाली नसती’ हे बसलेलंच असतं. ते पोटात दडवण्यापेक्षा टेबलावर काढून तपासलेलं बरं.”

“मग तपासा माझा पूल.”

टिटवीनं खुर्ची ओढली. तीन चाळण्यांचा हा तिचा आवडता खेळ होता, वर्गात ती तो दरवर्षी खेळायची.

“पहिलं, जे बदलायचं ते त्या वेळी कुणाच्या हातात होतं का? कुणी तसं करायचं मनात तरी आणलं होतं का? नगरपालिकेच्या सभांत पुलाचा विषय त्या आधीच्या कितीतरी वर्षांत एकदाही निघालेला नाही. म्हणजे तुमचा पूल उभा करायला मला आधी नगरपालिका बदलावी लागेल, मग खजिना, मग भट्टीमालकाचं वजन. एवढं बदलल्यावर ते गावच उरत नाही, दुसरंच होतं. दुसरं, एक गोष्ट हलवली की बाकीच्या होत्या तिथेच राहायला हव्यात. आणि तिसरी तुमची राजधानी. पूल, मग कारखाने, मग बंदर. एकेक कडी कदाचित धरेल. पण कदाचितला कदाचित जोडत गेलं की शेवटी हातात धूर उरतो.”

“म्हणजे कापला माझा पूल.”

“तुमच्याच कात्रीनं.”

ते खो खो हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि ते बाईसाठी थांबल्याचं? लोकांना तेच हवंय हो. एका बाईचा रुसवा आणि अख्खं गाव पाण्यात. मी तर मथळाच काढून ठेवलाय.”

ती बाई कोण, हे कात्रींना माहीत नव्हतं. टेबलावरच्या धुळीत टिटवीनं बोटानं एक रेघ ओढली आणि पुसून टाकली.

*

चौकशी समितीचा अहवाल काही कुठल्या तळघरात दडलेला नव्हता. तो छापील होता, ग्रंथालयाच्या कपाटात उघडा पडलेला. गाणं पुरेसं होतं म्हणून कुणी तो वाचला नव्हता, एवढंच.

टिटवीनं गाण्यातलाच एकेक ‘जर’ उचलला आणि अहवालाशेजारी ठेवला.

वारा थांबला असता तर? खरं आहे, लाँच वाचली असती. पण वारा कुणाचं ऐकतो? हा ‘जर’ खरा असूनही काही सांगत नाही. ते रडणं आहे, कारण नव्हे. दिवा? दिवा नव्हता हे खरं. पण लाँच बुडाली तेव्हा अजून उजेड होता, वाचलेल्यांनी किनाऱ्यावरची माणसं ओळखली होती. दिवा लावून पाहिला तरी लाँच बुडतेच. तो ‘जर’ गळला.

विटांपाशी ती थबकली. भट्टीमालकाचा तराफा फुटला होता आणि काही आठवडे तो रोज संध्याकाळी माणसांच्या लाँचवरच विटा चढवत होता. सारंगानं, म्हणजे लाँच चालवणाऱ्यानं, दोनदा तक्रार केली होती. म्हणजे विटा न भरणं हे टिटवीच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं, तेव्हाच्या माणसांनी ते मागितलं होतं. आणि ताडून पाहायलाही जागा होती. आदल्या हिवाळ्यात हीच लाँच, एवढीच माणसं, दीपगृहाच्या नोंदीप्रमाणे याहून वाईट वारा, आणि तरी पार झाली होती. फरक एकच, तेव्हा विटा नव्हत्या. एवढा घट्ट ‘जर’ इतिहासात क्वचित सापडतो.

आता उरली आत्या.

टिटवीनं त्या ओवीचे दोन तुकडे केले. एक, लाँच वेळेवर सुटली असती तर वाचली असती का? हो, वाचली असती. वारा फिरून तिला वाळूच्या दांड्यावर नेण्याच्या आत ती अल्याडच्या धक्क्याला लागली असती. इथं टिटवीचा हात कागदावर घटकाभर तसाच राहिला. मग दुसरा तुकडा. ती एकी आली असती तर लाँच वेळेवर सुटली असती का? सगळं गाव पहिल्या तुकड्यावरून उडी मारून शेवटाला पोचलं होतं. मधली कडी कुणी ओढून पाहिलीच नव्हती.

वाचलेल्यांच्या साक्षी तिनं घेतल्या. पुढे कित्येक वर्षांनी सांगितलेल्या आठवणी तिनं बाजूला ठेवल्या, कारण त्यांत गाणं मुरलं होतं. लोक पाहिलेलं सांगतात की गाइलेलं, हे त्यांचं त्यांनाही उमगत नाही. बुडाल्यावर आठवड्याच्या आत दिलेल्या साक्षींत कुठल्याच बाईसाठी लाँच थांबल्याचं नव्हतं. आणि विटा वाहणाऱ्या एका हमालाची साक्ष होती. टिटवीनं ती वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

“एक माणूस बायकोला हाका मारत होता. तुझ्यासाठी लाँच थांबवलीय, ये, असं ओरडत होता. आम्हाला हसू येत होतं. लाँच विटांसाठी थांबली होती, निम्म्या अजून धक्क्यावरच होत्या. सारंगानं त्याला सांगितलंसुद्धा, की मार हाका, वेळ आहे भरपूर. तो एक पाय फळीवर आणि एक लाँचवर ठेवून उभा होता, आमची वाट अडत होती, म्हणून मी त्याला शिवी दिली. शेवटची वीट चढल्यावर लगेच सुटलो.”

म्हणजे आत्या धावत आली असती तरी लाँच तिथंच उभी राहिली असती, शेवटची वीट चढेपर्यंत. तेवढाच उशीर, तोच वारा, तोच वाळूचा दांडा. फरक एकाच गोष्टीत पडला असता. बुडालेल्यांत एक बाई जास्त असती.

ग्रंथालयातून टिटवी जवळजवळ पळतच निघाली. रस्त्यात कुणाचा धक्का लागला, छत्री सुटली, तिला भान नव्हतं. इतक्या वर्षांची गाठ तिच्या बोटांनी सुटली होती.

*

आत्यानं सगळं डोळे मिटून ऐकलं. टिटवीनं कडी न् कडी सांगितली, वर्गातल्या तिन्ही चाळण्यांसकट.

“म्हणजे मी नाही,” आत्या म्हणाली.

“तू नाहीस. आली असतीस तर आज मी कुणाला आत्या म्हटलं असतं?”

“मनासारखं सांगत नाहीस ना?”

“वाचून दाखवते.” टिटवीनं हमालाची साक्ष वाचून दाखवली. तिथंच ती चुकली, पण ते कळायला अजून अवकाश होता.

आत्या हसली. कित्येक महिन्यांत तिचे दात टिटवीनं पाहिले नव्हते. “मेला खोटारडा! मला म्हणतोय तुझ्यासाठी थांबवलीय. जशी काही लाँच याच्या बापाची.” हसता हसता तिला ठसका लागला, टिटवीनं पाठ चोळली. “अगं, भांडण कशावरून, तर छत्रीवरून. माझी छत्री यानं मला न विचारता कुणाला तरी देऊन टाकली. मी म्हटलं, जा तू, मी राहते मैत्रिणीकडे. आणि पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन बसले. मी तिथं भट्टीच्या कोळशाची पोती शिवायचे ना. तिथून धक्का दिसायचा नाही, नुसता लाँचचा बावटा दिसायचा आणि याचा आवाज ऐकू यायचा. मला वाटायचं, बोलाव अजून. अजून बोलाव. सगळी लाँच अडवून माझा नवरा मला बोलावतोय, जरा मिजास करू दे की.”

त्या दिवशी आत्या पोटभर जेवली. लाँड्रीत गाणं सुरू झालं तेव्हा ती उठली नाही. खिडकी उघडीच राहिली, आणि ती ओवी थेट आत आली, कॉटच्या कडेवर बसली, निघून गेली. टिटवीला वाटलं, आपण जिंकलो.

चार-दोन दिवसांनी ती पुन्हा आली, तर जेवणाचं ताट झाकलेलं तसंच होतं. आत्या भिंतीकडे पाहत होती.

“टिटवे, तो हमाल काय म्हणाला होता? पायाचं?”

“कुठल्या पायाचं?”

“एक पाय फळीवर.”

ते वाक्य तिनं वाचलं होतं, उतरून घेतलं होतं, त्याखाली रेघही मारली होती. फळी लावलेली होती, म्हणजे विटा अजून चढत होत्या, एवढाच अर्थ तिनं त्यातून काढला होता. त्या पायाला माणूस होता, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

“त्याला वेळ आहे हे ठाऊक होतं,” आत्या सावकाश म्हणाली. एकेक शब्द ती श्वासातून उपसून काढत होती. “सारंगानं सांगितलं होतं. पाय फळीवर होता. म्हणजे उतरावं असं त्याच्या मनात होतं. फक्त मी कुठं आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. निघून गेले की इथंच आहे, तेच कळत नव्हतं.”

“आत्या...”

“थांब. मी पोत्यांमागनं एकदा नुसती ‘ओ’ दिली असती तर? आले नसते. नुसती ओ दिली असती. चिडूनच. तर तो आला असता की नाही मला ओढून न्यायला? आम्ही भांडत बसलो असतो. लाँच गेली असती आम्हाला सोडून.” तिनं मान वळवली. “लाव तुझ्या चाळण्या. कर निवाडा.”

“ह्याला काही अर्थ नाही.”

“अर्थ विचारला नाही मी. बसतं का ते सांग. माझ्या हातात होतं का?”

टिटवीनं झाकलेलं ताट उचलून बाजूला ठेवलं.

“होतं का गं?”

“होतं.”

“एवढंच बदललं तर बाकीचं जागेवर राहतं?”

“राहतं. विटा तशाच चढतात. वारा तसाच फिरतो.”

“लांबची साखळी आहे?”

“नाही. दोन कड्या.”

“त्याच्या मनात उतरायचं होतं, याला पुरावा?”

“आहे,” टिटवी म्हणाली. “तो पाय.”

पुलाला तिनं हसत हसत कापलं होतं, दिवा विझवला होता, गावाची ओवी उसवली होती. आणि ज्या चाळण्यांतून ते सगळं गळून पडलं, त्याच चाळण्यांवर हे एवढं एक शिल्लक राहिलं, स्वच्छ, जड, विटेसारखं.

तरी तिनं शेवटची धडपड केली. आत्याचे पाय मांडीवर घेऊन बसली आणि बोलत सुटली. “ऐक. ‘तसं असतं तर वाचला असता’ हे वेगळं आणि ‘त्यामुळे गेला’ हे वेगळं. विटांनी लाँच बुडण्याचा धोका वाढला, कुठल्याही दिवशी वाढला असता. तुझ्या गप्प बसण्यानं कुठलाच धोका वाढत नाही. दुसऱ्या कुठल्याही संध्याकाळी तू तशीच रुसून बसली असतीस तर दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन आला असता तो, आणि संपलं असतं. माणसाचा हिशोब त्याला तेव्हा जे ठाऊक होतं त्यावर करायचा असतो. तुला काय ठाऊक होतं? पुढचं आपल्याला ठाऊक आहे म्हणून ती ओ एवढी मोठी दिसतेय. तेव्हा ती छत्रीएवढीच होती.”

आत्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला. लहानपणी ताप आला की फिरवायची तसाच.

“शहाणी आहेस. हे सगळं बरोबर आहे. हे पुस्तकात लिही, लोकांना उपयोगी पडेल.” मग म्हणाली, “आधीचं बरं होतं गं. आधी सगळ्या गावाचं पाप होतं डोक्यावर, पण त्यात त्यानं माझ्यासाठी लाँच थांबवली होती. आता पाप नाही आणि लाँचही नाही थांबवलेली. नुसता एक पाय आहे.”

*

“काढून टाक ते,” टिटवी निघताना आत्या म्हणाली होती. “छापू नकोस. राहू दे, लोकांना गायचं ते गाऊ दे.”

टिटवी त्या वाक्याशी बरेच दिवस भांडली. काढून टाकणं सोपं होतं. पण एका बाईचा रुसवा राहिला की विटा त्याच्याआड लपत होत्या. इतकी वर्षं भट्टीमालकाला कुणी जाब विचारला नव्हता, कारण गावाला रुसलेली बाई सापडली होती. सारंगाच्या घरच्यांना लोक अजून म्हणत, तुमच्या माणसानं एका बाईपायी लाँच थांबवली. ती दोनदा केलेली तक्रार कुणाच्या गाण्यात नव्हती. आत्याची इच्छा राखायची तर एवढ्या सगळ्यांवर पुन्हा पाणी सोडावं लागत होतं.

तिनं प्रकरण लिहिलं. फळीवरच्या पायाचं वाक्य तिनं वगळलं. विटांची बाजू मांडायला ते लागत नव्हतं, असं तिनं स्वतःला समजावलं. अभ्यासक म्हणून तिला ते पटलं नाही, भाची म्हणून त्याचा काही उपयोग नव्हता.

कात्रींनी वाचलं. मथळा हातचा गेला म्हणून जरा हळहळले. मग म्हणाले, “नुसत्या विटाच उरल्या की हो. पण बरोबर आहे.” एक ओळही न कापता त्यांनी त्यातला भाग वर्तमानपत्राला दिला. सारंगाची नात टिटवीला भेटायला आली, तिचे दोन्ही हात धरून उभी राहिली. लोकांनी वाचलं, चर्चा केली, विसरले. विसरलं नाही ते लाँड्रीनं.

त्यानंतर एका दुपारी टिटवी आत्याजवळ बसली होती. खिडकी उघडी होती. ती लावायला उठण्याचं बळ आता आत्यात नव्हतं. पलीकडे गाणं सुरू झालं. वारा थांबला, पाणी निजलं. दिवा लागला. विटा कमी भरल्या, आणि तिथे बायकांचा आवाज पूर्वीपेक्षा चढला. मग इस्त्र्यांचा धप धप आवाज आला, कुणीतरी “दे गं ती चादर इकडे” म्हणालं, आणि गाणं संपलं.

आत्या अजून कान देऊन होती.

“थांबल्या का?”

“झालं गाणं, आत्या.”

“माझी ओळ?”

टिटवीनं नकारार्थी मान हलवली. आत्याच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग उमज, मग काहीच उरलं नाही. खाली चादरींच्या घड्या पडत होत्या, वाफ वर येत होती, गल्लीत कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

संध्याकाळ झाली तेव्हा टिटवीला वाटलं, आत्या झोपली. ती दिवा लावायला उठली, तर मागून अगदी बारीक सूर आला. धापेनं मध्ये मध्ये तुटत होता.

एक पाय फळीवरी, एक पाय पाण्यावरी,
ओ नाही दिली बाई मी बसले थप्पीअंतरी.

“चाल बसतेय का गं?” आत्यानं विचारलं.

टिटवीचा हात बटनावरच राहिला.

“बसतेय,” ती म्हणाली.